बर्नडाउन चार्ट बघून स्प्रिंट वेळेत संपणार का ते कसं ओळखायचं

आमच्या सांगलीतल्या ऑफिसात, विश्रामबागला, दर स्प्रिंटच्या मध्यावर हमखास एक सीन होतो. कुणीतरी कामं नोंदवायचं जिरा सॉफ्टवेअर उघडतं, खरंच किती काम उरलंय ते दाखवणारी लाल रेघ, किती उरायला हवं होतं ते दाखवणाऱ्या राखाडी रेघेच्या बरीच वर दिसते आणि "मेलो भावा, ह्यावेळी काय होत नाही" सुरू होतं. कधी उलटंही होतं, दोन्ही रेघा चिकटलेल्या दिसल्या की सगळे निवांत भडंग खात बसतात आणि शेवटच्या शुक्रवारी रात्री साडेनऊला टेस्टरला फोन जातो. दोन्ही वेळेला चार्ट बरोबरच होता, आम्ही चुकीचं वाचलं होतं. दोन रेघांमधलं अंतर बघायचं आणि निकाल लावायचा, एवढंच लोक करतात. पण त्या अंतरात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या केल्याशिवाय काहीच कळत नाही. ते सुटं कसं करायचं ते खाली आमच्याच एका स्प्रिंटवरून दाखवतो. आकडे स्टोरी पॉइंटचे आहेत, स्प्रिंट दोन आठवड्यांचा म्हणजे कामाचे दहा दिवस, टीम पाच जणांची, चार डेव्हलपर आणि एक टेस्टर. प्रॉडक्ट आहे बेदाण्याच्या अडत्यासाठी बिलिंग.

## तयारी: चार्ट वाचण्याआधी चार्ट खरा आहे का बघा

हे काम स्प्रिंट सुरू करायच्या दिवशीच करायचं, सहाव्या दिवशी नाही.

पहिलं म्हणजे रेघ नक्की कशावर खाली येते ते बघा. जिरात पॉइंटवर चार्ट असेल तर स्टोरी बोर्डच्या सगळ्यात उजव्या कॉलमात गेली की मगच तिचे पॉइंट कमी होतात. आमच्या बोर्डवर मध्यंतरी कुणीतरी टेस्टिंगनंतर उजवीकडे "क्लायंट बघणार" असा एक कॉलम टाकला आणि मग आठवडाभर रेघ हललीच नाही, कारण शेवटचा कॉलम आता तो झाला होता आणि क्लायंट काही बघायला तयार नव्हता. काम झालं म्हणजे काय हे एकदा ठरवा आणि तोच कॉलम शेवटचा ठेवा.

दुसरं, पॉइंट न टाकलेली स्टोरी. ती पॉइंटच्या चार्टला दिसतच नाही, तिच्यावर दोन माणसं तीन दिवस अडकली तरी चार्ट गप्प. हे सर्चमध्ये टाकून लिस्ट काढा आणि प्रत्येकीवर पॉइंट आहेत का ते डोळ्यांनी तपासा:

```
sprint in openSprints() AND statusCategory != Done
```

तिसरं, सुट्ट्या. बोर्डच्या सेटिंगमध्ये कामाचे दिवस नीट भरलेले नसतील तर राखाडी रेघ शनिवार-रविवारीही खाली उतरत राहते, आणि सोमवारी सकाळी तुम्ही काही न करता दोन दिवस मागे पडलेले दिसता. गणपती, दिवाळीच्या आसपासच्या स्प्रिंटला तर हे आधी बघा.

चौथी तयारी बहुतेक टीम करत नाहीत, पण सगळ्यात उपयोगी तीच. मागच्या तीन स्प्रिंटचे चार्ट उघडा आणि प्रत्येकातून दोनच आकडे वहीत उतरवा: पहिल्या सहा दिवसांत किती पॉइंट पूर्ण झाले आणि शेवटच्या चार दिवसांत किती. आमचे असे निघाले:

| स्प्रिंट | पहिले ६ दिवस | शेवटचे ४ दिवस | एकूण |
|---|---|---|---|
| मागचा | १६ | १७ | ३३ |
| त्याआधीचा | १७ | १४ | ३१ |
| त्याच्याही आधीचा | १७ | १९ | ३६ |

म्हणजे आमची सवय अशी की सहा दिवसांत साधारण १७ आणि उरलेल्या चार दिवसांत परत साधारण १७. शेवटी कामं धडाधड बंद होतात. राखाडी रेघेला ही सवय माहीत नसते, ती सरळ पट्टी लावून काढलेली असते. म्हणून तुलना रेघेशी नाही, स्वतःच्या सवयीशी करायची.

तपासा: चार्ट तासांचा असेल, म्हणजे `Remaining Estimate` वर चालणारा असेल, तर हा लेख जसाच्या तसा लावू नका. तासांची रेघ लोक रोज आकडा कमी करतात म्हणून छान उतरते, पण एकही स्टोरी पूर्ण झालेली नसते असं होऊ शकतं.

## टप्पा १: रोजची रेघ घटनांमध्ये फोडा

सहाव्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी आमचा चार्ट ३४ वर होता. राखाडी रेघ १६ वर. ऑफिसात अर्थातच "मेलो भावा".

नुसती रेघ बघू नका, चार्टच्या खाली जो तक्ता येतो तो वाचा. त्यात प्रत्येक चढ-उतार कशामुळे झाला ते तारखेसकट असतं, स्टोरी पूर्ण झाली, स्टोरी नव्याने आत आली, की कुणी पॉइंट बदलले. आमचं असं झालं होतं:

| दिवस | काय घडलं | उरलेले पॉइंट |
|---|---|---|
| सुरुवात | ८ स्टोऱ्या | ४० |
| १, २ | काहीच नाही | ४० |
| ३ | ३ ची एक झाली | ३७ |
| ४ | ३ ची एक झाली, ५ ची नवी आली | ३९ |
| ५ | ५ ची झाली | ३४ |
| ६ | काहीच नाही | ३४ |

चौथा दिवस नीट बघा. रेघ ३७ वरून ३९ वर गेली, बघणाऱ्याला वाटणार त्या दिवशी टीम झोपली होती, आणि खरं तर त्या दिवशी एक स्टोरी पूर्ण झाली होती. नेमकं त्याच दिवशी अडत्या शेठचा फोन आला की सीएला द्यायला एक्सेल पाहिजे, आणि कुणीतरी "छोटंच आहे" म्हणून ५ ची स्टोरी आत सारली. चढ आणि उतार एकाच दिवशी आले की चार्टवर फक्त त्यांची वजाबाकी दिसते.

उलटा प्रकारही लक्षात ठेवा. रेघ एकदम खाली आली म्हणजे काम झालं असं नाही, कुणी स्टोरी स्प्रिंटमधून बाहेर काढली किंवा ८ चे ३ केले तरी रेघ तशीच पडते. तक्त्यात ते `Scope change` म्हणून येतं.

पहिले दोन दिवस सपाट का, हे चार्ट सांगत नाही, ते आपल्यालाच लिहून ठेवावं लागतं. आमचे दोन डेव्हलपर तेव्हा जुन्या व्हर्जनमध्ये अडत चुकीची लागत होती ते निस्तरत बसले होते, आणि ते काम स्प्रिंटमध्ये टाकलंच नव्हतं.

## टप्पा २: अंतराचे तुकडे करा

आता मुख्य काम. राखाडी १६, आपण ३४, अंतर १८. हे १८ कशाचे बनलेत?

आधी बाहेरून आलेलं काढा. एक्सेलची स्टोरी ५ ची. उरले १३.

मग सवयीचा भाग काढा. राखाडी रेघेच्या मते सहा दिवसांत २४ पॉइंट व्हायला पाहिजे होते. आम्ही चांगल्या स्प्रिंटमध्येही सहा दिवसांत १७ च करतो. म्हणजे २४ वजा १७, हे ७ पॉइंट मागे पडणं नाहीच. थोडी उशिरा बंद करायची सवय, आणि थोडं म्हणजे आम्ही सरासरी ३३ करणारी टीम असून ४० घेऊन बसलो होतो. ही चूक प्लॅनिंगच्या दिवशीची आहे, तिचं बिल आत्ता डेव्हलपरच्या नावावर फाडू नका.

राहिले ६. नेहमी १७ होतात, ह्यावेळी ११ झाले. खरी पिछाडी एवढीच, आणि तिचं कारणही माहीत आहे, ते अडतीचं निस्तरणं.

म्हणजे १८ = ५ + ७ + ६. ह्या तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. ५ साठी शेठला फोन करायचा. ७ साठी आत्ता काही करता येत नाही, पुढच्या प्लॅनिंगला कमी घ्यायचं. ६ साठी अडथळा गेला का ते विचारायचं. सगळं मिळून "१८ मागे आहोत, शनिवारी या" असं केलं की तिन्हीतलं काहीच सुटत नाही, फक्त शनिवार जातो.

चूक होते ती इथे: काही जण नवं काम आलं की राखाडी रेघच वर सरकवून मागतात, म्हणजे चार्ट छान दिसावा. असं करू नका. कशामुळे लांबलं हे दाखवणारा एकुलता पुरावा तोच असतो.

## टप्पा ३: उरलेल्या दिवसांत किती होईल ते मांडा

लोक इथे नेहमी एक भागाकार करतात: ११ पॉइंट सहा दिवसांत, म्हणजे दिवसाला पावणेदोनच्या आसपास, चार दिवसांत ७, म्हणजे २७ उरणार, संपलं सगळं. हा हिशोब आमच्यासारख्या टीमला खोटा ठरतो कारण स्टोऱ्या रोज थोड्या थोड्या वितळत नाहीत, त्या एकदम बंद होतात. ८ ची स्टोरी चार दिवस शून्य दाखवते आणि पाचव्या दिवशी एकदम आठ.

त्यापेक्षा वहीतला दुसरा कॉलम घ्या. शेवटच्या चार दिवसांत आम्ही कमीत कमी १४ आणि जास्तीत जास्त १९ केलेत. ३४ उरलेत. म्हणजे सगळं चांगलं गेलं तर १५ उरणार, वाईट गेलं तर २०. स्प्रिंट पूर्ण संपणार का, ह्याचं उत्तर इथेच मिळालं: नाही. चौतीस काही चार दिवसांत होत नाहीत, आजवर कधी झाले नाहीत.

हे सहाव्या दिवशी कळणं आणि दहाव्या दिवशी कळणं ह्यात फरक एवढाच की सहाव्या दिवशी काय सोडायचं ते आपण ठरवतो, दहाव्या दिवशी ते आपोआप ठरतं, आणि आपोआप सुटणारी गोष्ट बहुतेक वेळा क्लायंटला सगळ्यात जास्त हवी असलेली असते.

तपासा: पुढच्या चार दिवसांत कुणाची सुट्टी आहे का? विशेषतः टेस्टरची. आमच्याकडे टेस्टर एकच, ती एक दिवस नसली तर १४ ते १९ हा अंदाज धरूच नका, खालचा आकडा अजून खाली घ्या. किती खाली ह्याचा फॉर्म्युला माझ्याकडे नाही, मी एका दिवसाला एक स्टोरी कमी धरतो.

## टप्पा ४: बोर्डकडे वळा, ३४ कुठे उभे आहेत ते बघा

चार्ट फक्त किती उरलंय ते सांगतो, ते कुठल्या अवस्थेत आहे हे सांगत नाही. ३४ पॉइंट सगळे टेस्टिंगला असतील तर वेगळी गोष्ट, सगळे अर्धवट कोडमध्ये असतील तर वेगळी. आमचे असे होते:

- टेस्टिंगमध्ये, १३: शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापणं (८), हमाली-तोलाईचे दर बदलायची स्क्रीन (५)
- डेव्हलपमेंटमध्ये, १३: खरेदीदाराची उधारी आणि व्याज (८, निम्मं झालेलं), जीएसटी बिलाची दुरुस्ती (५, जवळपास झालेली)
- हातच लावला नाही, ८: एसएमएस (३), आणि ती मधेच आलेली एक्सेल (५)

आता उजवीकडून डावीकडे बेरीज करत या. टेस्टिंगचे १३, मग जवळपास झालेली जीएसटी ५, झाले १८. आपला अंदाज १४ ते १९. म्हणजे १८ पर्यंत जमेल, पण अगदी काठावर. पुढची उधारीची ८ धरली की २६, ते हद्दीबाहेर.

डावीकडून सुरू करायची चूक खूप जण करतात. डेव्हलपर मोकळा झाला की त्याला एसएमएसची ३ ची स्टोरी देतात, "छोटी आहे, रेघ तरी खाली येईल". ती जाऊन टेस्टरच्याच दारात उभी राहते, आणि तिच्या पुढ्यात आधीच दोन स्टोऱ्या पडलेल्या असतात. मोकळ्या डेव्हलपरला हिशोबपट्टीच्या टेस्टिंगला बसवा, चार वेगवेगळ्या वक्कलांचा, म्हणजे मालाच्या लॉटचा, डेटा तयार करून दे म्हणावं. त्याला आवडणार नाही, पण रेघ त्यानेच उतरते.

## टप्पा ५: काढायचं ते त्याच दिवशी काढा, आणि विचारून काढा

१८ ठेवायचे म्हणजे १६ बाहेर: उधारी, एसएमएस, एक्सेल. हे टीमने आपसात ठरवून गुपचूप करायचं नाही. मी सोमवारीच संध्याकाळी शेठना फोन लावला. मला वाटलं एक्सेलवरून ओरडा बसणार, कारण त्यासाठीच तर त्यांनी मधेच फोन केला होता.

"एक्सेल राहू दे हो," शेठ म्हणाले, "सीए कुठं बसलाय आत्ता. पण उधारीचं कधी करताय?"

"उधारी ह्या शुक्रवारी होत नाही शेठ. पुढच्या स्प्रिंटला पहिली तीच घेतो. पट्टी आणि दर बदलायची स्क्रीन शुक्रवारी देतो, जीएसटीचं गुरुवारी दुपारी नक्की सांगतो."

"पट्टी आली तर चालतंय. शेतकरी पट्टीसाठीच थांबतात."

एवढंच. पाच मिनिटांचा फोन. पण हा फोन मी शुक्रवारी केला असता तर संभाषण असं झालं नसतं.

मंगळवारी सकाळी तिन्ही स्टोऱ्या स्प्रिंटबाहेर काढल्या, रेघ ३४ वरून १८ वर आपटली.

सावधान: हे १६ पॉइंट काम झालेलं नाही. मंगळवारी संध्याकाळी दरांची स्क्रीन पूर्ण झाली, रेघ १३ वर आली, राखाडी रेघ १२ वर होती. लगेच एकजण म्हणालाच, "आलो की दादा रेघेवर!" नव्हतो आलो. रेघ आमच्याकडे आली होती, आम्ही रेघेकडे नाही. काही काढल्यानंतर राखाडी रेघेशी तुलना करणं त्या स्प्रिंटपुरतं बंदच करा, ती अजूनही जुन्या ४० वर आखलेली आहे.

## टप्पा ६: शेवटचे तीन दिवस रेघ नाही, स्टोऱ्या मोजा

आठव्या दिवसापासून चार्ट फार काही सांगू शकत नाही, दोनच स्टोऱ्या राहिल्यात, त्या एकतर होतात किंवा होत नाहीत. रोज सकाळी प्रत्येक स्टोरीला एकच प्रश्न: ही बंद व्हायला अजून नक्की काय काय व्हायचंय? "थोडंच राहिलंय" हे उत्तर चालत नाही. "टेस्टरने दोन केस बघायच्यात आणि मर्ज करायचंय" हे चालतं.

बुधवारी रेघ सपाट, १३. हिशोबपट्टीत टेस्टरला सापडलं की अडत, हमाली, तोलाई प्रत्येकाचे पैसे वेगवेगळे राउंड होतात आणि शेवटची बेरीज काही पट्ट्यांवर एक रुपयाने चुकते. एक रुपया म्हणून सोडून द्यायचा मोह झाला, पण शेतकरी पट्टी बोटाने मोजून बघतो, तो एक रुपया पहिल्याच दिवशी सापडला असता. वजावट पैशात ठेवून फक्त शेवटच्या रकमेला राउंड केलं. त्यात तो दिवस गेला. गुरुवारी पट्टी बंद झाली, रेघ ५.

इथे एक नियम मी पाळतो: स्प्रिंट संपायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणानंतर जी स्टोरी टेस्टिंगला पोचलेली नाही ती होणार नाही असं धरायचं आणि सांगून टाकायचं. टेस्टर एक असेल आणि एखादा बग निघून परत जाणं धरलं, तर दीड दिवसापेक्षा कमी वेळात क्वचितच स्टोरी सुटते. दोन टेस्टर असतील तर तुमचा नियम वेगळा असू शकतो, तोही वहीवरूनच काढा.

आमची जीएसटीची स्टोरी गुरुवारी साडेचारला टेस्टिंगला पोचली. मी शेठना कबूल केल्याप्रमाणे दुपारीच सांगितलं होतं की धरू नका. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ती अजून टेस्टिंगमध्येच होती, क्रेडिट नोटवर कर उलटा लागत होता. तिथेच थांबलो.

## स्प्रिंट बंद करताना

रेघ ५ वर संपली. त्या ५ चे "चार झाले, एक राहिला" असे तुकडे करून चार पॉइंट ह्या स्प्रिंटला लावायचे नाहीत. अर्धवट म्हणजे शून्य, पूर्ण स्टोरी पुढे जाते. तुकडे केले की वहीतला आकडा फुगतो आणि पुढचे तीन स्प्रिंट तुम्ही त्या फुगलेल्या आकड्यावर अंदाज बांधता.

`Sprint Report` उघडला की नंतर आत आलेल्या स्टोऱ्यांवर `*` अशी खूण दिसते आणि बाहेर काढलेल्या वेगळ्या दिसतात, तिथून पडताळा करून घ्या. मग वहीत नवी ओळ: पहिले सहा दिवस ११, शेवटचे चार १३, एकूण २४. शेजारी कारणही लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी कुणी बघेल आणि म्हणेल टीम ढेपाळली होती. आम्ही लिहिलं: दोन माणसं दोन दिवस अडतीच्या बगवर, पट्टीचा एक रुपया, एक दिवस.

शेवटच्या चारचा १३ हा आमच्या १४ ते १९ च्याही खाली गेला, म्हणजे पुढच्या वेळी सहाव्या दिवशी आम्ही अंदाज १३ पासून धरणार. आणि प्लॅनिंगला ४० नाही, ३० च घेतलेत, त्यात उधारीची ८ सगळ्यात वर.